चूलबंद आवतन, ओहायो

'कार्यक्रमासाठी स्वयंसेवकांची आवश्यकता आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा.' भाचीनं ओहायोहून पाठवलेल्या निमंत्रणाच्या मसुद्यातली ही शेवटून दुसरी ओळ. बाकी मसुदा देखणा होता. वर पळसाची केशरी फुलं, खाली 'वऱ्हाडी संध्याकाळ', मग जेवणाचा बेत : रोडगे, वांग्याची भाजी, वरण-भात, जवसाची चटणी. पुढे कार्यक्रम : मुलांचे नाच, वऱ्हाडी कवितांचं वाचन, शेवटी दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य. तिच्या मंडळात पुण्या-मुंबईचे लोक जास्त, त्यामुळे या वर्षी विदर्भाला पाळी मिळाली याचंच तिला कोण कौतुक. मला फक्त शुद्धलेखन तपासायला सांगितलं होतं. तपासून झालं, चहा झाला, तरी ती ओळ काही डोक्यातून जाईना. आमच्या गावात एवढे भंडारे झाले, मारुतीचे, महाराजांच्या प्रकट दिनाचे, पण हात पाहिजेत म्हणून कोणी लेखी मागितल्याचं मी पाहिलं नाही. पहिल्यांदा वाटला तो अभिमानच. हे लपवत नाही.

तिकडून चार नावं आली होती. दोनशे घरांना निमंत्रण गेलं, येणार म्हणून एकशेसाठ जणांनी कळवलं, आणि कामाला चार. त्यातली एक ती स्वतः, एक तिचा नवरा.

सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात. "आत्या, तू सयपाकी मामांना विचार ना, एकशेसाठ लोकांना किती लागेल?" आमचे सयपाकी मामा म्हणजे अख्ख्या सर्कलमधल्या तेरव्या-बारशांचा हिशेब तोंडपाठ असलेला माणूस. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात रोडग्यांचा स्वयंपाक म्हटला की लोक आधी त्यांची तारीख घेतात आणि मग देवाची. मी त्यांच्या ओसरीवर गेले, तर पहिलाच प्रश्न : "किती घरचं आवतन हाय?" मी म्हटलं, घरं नाही मामा, माणसं. एकशेसाठ. ते हसले. "मुंडके कोणी मोजते काय बाप्पा! चुली सांग. चूलबंद हाय का घरपती एक?"

बाहेरच्या वाचकाला नसेल ठाऊक, पण आमच्याकडे निमंत्रणाचे हे दोन पक्के प्रकार. घरपती एक म्हणजे प्रत्येक घरातून एकानं यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हातारं-कोतारं, पाहुणा आलेला असेल तो, सालदार असेल तो, सगळ्यांनी जेवायला यायचं. मामांचा हिशेब या दोन शब्दांवर उभा असतो. चूलबंद असेल तर चुलीमागे पाच माणसं धरायची आणि माणशी पाव किलो कणिक, म्हणजे चुलीला सव्वा किलो. वांगी तेवढीच. कोण येणार, कोण नाही, हे विचारायची गरज नाही, कारण कुणाकडे बाळंतीण आहे, कोण कापूस विकायला गेलाय, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे त्यांना आधीच माहीत. तिकडे हे काहीच माहीत नसतं. म्हणून भाचीला दहा दिवस आधीची मुदत द्यावी लागते, मोठी माणसं किती आणि मुलं किती असे वेगळे रकाने ठेवावे लागतात, आणि शेंगदाणा किंवा तीळ कुणाला चालत नाही का, हेही विचारावं लागतं. भाजीत दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, तिन्ही. आणि तिथल्या शाळांत दाण्याचं वावडं असलेली मुलं बरीच असतात. मामांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. दाणे न चालणारं पोरगं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मामांच्या मापानं एकशेसाठ माणसांना चाळीस किलो कणिक झाली. भाचीनं अठरा किलो धरली. तिचा हिशेब असा : मोठी माणसं एकशेवीस, त्यांना माणशी सव्वा रोडगा, म्हणजे दीडशे. मुलं चाळीस, ती अर्धा कुरतडतील, त्यांचे वीस. वर दहा. असे एकशेऐंशी रोडगे, रोडग्याला शंभर ग्रॅम कणिक. "अठरा किलोत तं नुस्ते वाढपीच जेवतीन," मामा म्हणाले. पण दिवसभर वखर हाणून आलेला माणूस आणि दिवसभर खुर्चीत बसून आलेला माणूस, यांच्या पोटात फरक असतो, हे त्यांनीच थोड्या वेळानं कबूल केलं. आमच्याच गावात आता माणशी पाव किलो उठत नाही. मागच्या भंडाऱ्यात उरलेले रोडगे दुसऱ्या दिवशी गाईंनी खाल्ले.

खरी अडचण पुढे होती. रोडगा गोवऱ्यांच्या हारात, म्हणजे निखाऱ्यांत भाजतात. जाड दळलेली कणिक, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. पाणी हात राखून, घट्ट मळायची. छोट्या पुऱ्या लाटून त्यांना तेल लावायचं, तीन-चार एकावर एक ठेवायच्या, एका मोठ्या पारीत गुंडाळून तोंड बंद करायचं. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसला, वर राखेची पांढरी साय आली, की मग त्यात पुरायचे. जाळात टाकले तर वरून काळे आणि आतून कच्चे. भाजला की तडकतो, काठीनं टोकरला तर पोकळ वाजतो. मग धोतराच्या फडक्यात घेऊन झटकायचे, राख उडते, नाकात तो खरपूस वास जातो, आणि गरम असतानाच फोडून तुपात बुडवायचे. आता ही सगळी खटपट अमेरिकेतल्या एका शाळेच्या सभागृहात कशी करणार? तिथे जाळ तर सोडाच, जेवणाच्या भांड्यांखाली ठेवतात ते छोटे जळते डबेसुद्धा शाळेला चालत नाहीत. शाळेचं स्वयंपाकघर फक्त गरम करायला आणि वाढायला.

म्हणून रोडगे घरोघरच्या ओव्हनमध्ये करायचं ठरलं, आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की हात मागण्याची ती ओळ चुकते कुठे. एका घरच्या ओव्हनमध्ये दोन ट्रे, ट्रेमध्ये बारा, म्हणजे एका वेळी चोवीस रोडगे. एकशेऐंशीला आठ खेपा. एका खेपेला पाऊण तास : आधी १८० सेल्सिअसवर अर्धा तास, मग आच वाढवून दहा-पंधरा मिनिटं, रंग येईपर्यंत. आधीच आच वाढवली तर जाळात टाकल्यासारखंच होतं. एकटीनं केलं तर सहा तास नुसते भाजण्यात, लाटणं वेगळं. चार घरांत वाटलं तर प्रत्येकी दोन खेपा, मळण्या-लाटण्यासकट तीन तासांत मोकळं. म्हणजे हवी होती ती चार घरं, प्रत्येक घरात दोन माणसं, शनिवारी सकाळी दहा ते एक. 'इच्छुकांनी संपर्क साधावा' हे वाचून कुणाला कळणार की आपल्याकडून फक्त एक ओव्हन आणि तीन तास मागताहेत? माणूस घाबरतो की एकदा हो म्हटलं तर अख्खा शनिवार-रविवार गेला, आणि पुढच्या वर्षी आपल्यालाच अध्यक्ष करतील.

तिनं निमंत्रण बदललं. ती ओळ काढली आणि तिथे तक्ता घातला. काम, वेळ, किती माणसं, समोर नावाला रिकामी जागा. 'रोडगे भाजणे, आपल्याच घरी, शनिवार सकाळी १० ते १, चार घरं.' 'वांगी चिरणे, एक तास.' 'वांग्याची भाजी वाढणे, फक्त वीस मिनिटं.' दोन दिवसांत तेवीस नावं आली. नमुन्याला तिनं स्वतः आधी एक रोडगा करून फोडून पाहिला होता. पदर सुटले तर झाला, आत कणिक चिकट राहिली तर नाही. आणि एक सूचना मामांची : गरम रोडगे डब्यात किंवा चंदेरी कागदात गुंडाळू नका, घामेजून चामड्यासारखे होतात. सुती कपड्यात ठेवा. तो धोतराचा कपडा म्हणजे नुसती राख झटकायची सोय नव्हती, हे मला एवढ्या वर्षांनी ओहायोच्या निमित्तानं कळलं.

भाजीचा प्रश्न वेगळा. आमच्याकडे पहाटे चार वाजता गंज चुलीवर चढतो, अकराला पहिली पंगत बसते, कशाला टिकवून ठेवायची वेळच येत नाही. तिकडे भाजी दुपारी कुणाच्या तरी घरी होणार आणि रात्री साडेसातला वाढणार. तिथला अन्नसुरक्षेचा नियम सांगतो की गरम ठेवायचा पदार्थ ५७ सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मंडळातल्या एकानं सुचवलं, आदल्या रात्री करून ठेवू. हेच सगळ्यात धोक्याचं. वीस किलो वांग्यांची भाजी मोठ्या गंजात झाकून ठेवली तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो आणि सकाळी वर फेस दिसतो. मामांच्या भाषेत भाजी 'उतरली'. करायचीच असेल तर उथळ ट्रेमध्ये पसरून दोन तासांत २१ सेल्सिअसपर्यंत आणायची, पुढच्या चार तासांत ५ पर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी ७४ पर्यंत पुन्हा तापवायची. घरच्या फ्रिजमध्ये वीस किलोचे ट्रे मावतात कुठे? म्हणून त्याच दिवशी करायची ठरली.

आणि मग विजेची भट्टी. भाजी गरम ठेवायला ते लोक विजेवरचे मोठे बंद हंडे आणतात, एकेक साधारण १४०० वॅटचा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. भिंतीवरच्या प्लगांच्या एका ओळीला १५ किंवा २० अँपियरचा फ्यूज, म्हणजे १८०० किंवा २४०० वॅट एवढीच झेप. एका ओळीवर दोन हंडे लावले की २८०० वॅट, आणि बटण पडतं. मागच्या वर्षी नेमकं तेच झालं म्हणे, वरण गार, माईक बंद, आणि अंधारात एकजण 'तांत्रिक कारणामुळे' असं म्हणत उभा. आमच्याकडे डीपी उडते तेव्हा कोणी काही म्हणत नाही, फक्त टॉर्च लावतात. या वेळी तक्त्यात एक काम वाढलं : 'कुठला प्लग कुठल्या फ्यूजवर आहे हे आधी जाऊन पाहणे, एक माणूस.' त्या कामाला अर्ध्या तासात नाव आलं. अशा कामाला पुरुष लगेच मिळतात, हे तिकडेही तसंच आहे.

भांडी धुण्याची जागा मात्र शेवटपर्यंत रिकामी.

इथे माझा तो सकाळचा अभिमान थोडा डळमळला. गावात हात मागावे लागत नाहीत हे खरं, पण का लागत नाहीत? कारण कुणी काय करायचं हे त्याच्या जन्माबरोबर ठरलेलं असायचं. आवतन सांगत फिरायचं काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे. पत्रावळी कोणी लावायच्या, पाणी कोणी भरायचं, उष्टी कोणी उचलायची, आणि हे सगळं करून कोणत्या पंगतीला, कुठे, किती अंतरावर बसायचं, हेही ठरलेलं. आणि बायकांचं तर काही ठरवावंच लागत नव्हतं. आईला मी वांगी चिरतानाच आठवते. मिठाच्या पाण्यात टाकायची, नाहीतर काळी पडतात; तिची बोटं मात्र काळी पडलेलीच. देवळात कीर्तन रंगलेलं असायचं, टाळ्या ऐकू यायच्या, आणि मागच्या खोलीत बायका भिंतीपलीकडून अंदाज बांधायच्या की आता आख्यान कुठवर आलं असेल. आईनं एकही कीर्तन समोर बसून ऐकलं नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिनं नाहीही म्हटलं नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावच्या माणसानं हे एकाच माणसाला दोन्ही करता येतं असं दाखवून दिलं. आम्ही त्यांच्या तसबिरी लावल्या.

म्हणून भाचीला मी सांगितलं ते शुद्धलेखनाचं नव्हतं. वाढणाऱ्यांची पाळी पाऊण तासापेक्षा मोठी करू नको, आणि दंडार सुरू असताना कुणी मागे नको. तिनं जेवण कार्यक्रमाच्या मधोमध घेतलं, म्हणजे दंडारीच्या वेळी स्वयंपाकघर रिकामं. वाढप्याचं ताट आधी बाजूला काढून ठेवायचं, हा मामांचाही नियम आहे, शेवटच्या पंगतीला नुसती तर्री उरते म्हणून. एकशेसाठ माणसं एकाच रांगेत लावली आणि प्रत्येकाला वीस सेकंद धरले, तर शेवटच्याला त्रेपन्न मिनिटं उभं राहावं लागतं. दोन टेबलं मांडून दोन्ही बाजूंनी वाढलं की चार रांगा होतात आणि तेरा-चौदा मिनिटांत सगळे बसतात. रोडगा आणि वांगी तेवढी हातानं वाढायची, बाकी ज्याचं त्यानं घ्यावं. हाताचं वाढणं सोडलं की पहिले चाळीस लोक भाजी संपवतात.

कार्यक्रम झाला. हिशेबात चूक एकच निघाली : भाजी शेवटच्या वीस माणसांना पुरली नाही आणि रोडगे पंचवीस उरले. वांगं कोण किती खातं ते वऱ्हाडी माणूस आणि पुणेरी माणूस यांच्यात फार वेगळं नसतं, असं ती म्हणाली. मला त्यात गंमत वाटली आणि थोडा राग आला, कारण आमच्या वांग्याला पुण्याचा माणूस नावं ठेवतो तो समोर ताट नसताना. दंडार आठ मिनिटं जास्त चालली. सत्कार मात्र एकही झाला नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेत त्याला वेळच ठेवला नव्हता, आणि साडेदहाला शाळेचा चौकीदार दिवे बंद करणार होता. हे आमच्या गावात लागू करता आलं तर मी स्वतः चौकीदाराला मानधन देईन. भांडी शेवटी भाचीच्या नवऱ्यानं आणि प्लग तपासणाऱ्यानं मिळून घासली.

मग हनुमान जयंती आली. देवळात भंडाऱ्याची बैठक होती. मी तक्ता काढून नेला, मोठ्या अक्षरात, काम आणि वेळ. 'वांगी चिरणे, पहाटे ४ ते ६, आठ माणसं.' माणसं असं लिहिलं होतं, बायका असं नाही. तक्ता सभामंडपाच्या खांबाला चिकटवला. "हे लेहून द्या लागते का आता?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं सांगितलं, मास्तरणीबाईले सवय हाय, हजेरीची. सगळे हसले, मीही हसले. सयपाकी मामा उठले, खिशातून पेन काढलं, वांगी चिरण्यासमोर आपल्या मोठ्या पोराचं नाव लिहिलं आणि त्याला न विचारताच परत येऊन बसले. पोराचं तोंड बघण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नावावर कुणीतरी रेघ मारली होती, पण खाली तीन नावं नवीन होती. त्यातलं एक सरपंचाचं. ते पहाटे येतील याची मला खात्री नव्हती. ते साडेपाचला आले, विळी कशी धरायची ते मामांच्या सुनेनं दाखवलं, आणि तेवढ्या अर्ध्या तासात त्यांनी चार वांगी चिरली. चारही वांगी काळी पडली, मिठाचं पाणी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.